रात्री दहा वाजता, खोली क्रमांक ३१४

वसतिगृहातल्या वाय-फायबद्दलचा तक्रारअर्ज बहुधा ठरलेलाच असतो. ‘गेले कित्येक दिवस नेट अजिबात चालत नाही, आमचे शैक्षणिक नुकसान होत आहे, तरी कृपया लक्ष घालावे.’ खाली चाळीस सह्या. अर्ज खोटा नसतो, पण तो वाचून रेक्टर मॅडमना करता येण्यासारखी एकच गोष्ट असते: इंटरनेटवाल्याला फोन. त्याचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येतो, कार्यालयात राउटरशेजारी उभा राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, १९० एमबीपीएसचा आकडा दाखवतो आणि चहा घेऊन जातो. मुली त्या वेळी कॉलेजात असतात. अर्जावर शेरा पडतो, ‘तपासणी केली, जोडणी सुरळीत आहे.’

त्याच दिवशी रात्री दहाला, तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत तीच टेस्ट १.८ दाखवते. यात कोणीही खोटं बोलत नाही. १९० हाही खरा आणि १.८ हाही खरा. फक्त दोघांची वेळ वेगळी आणि जागा वेगळी. तक्रारीच्या ईमेलचं सगळं काम या दोन आकड्यांच्या मधे काय घडतं ते दाखवणं, एवढंच आहे.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे उदाहरणादाखल असले, तरी अशी वसतिगृहं पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. मुलींचं वसतिगृह, तीन मजले, प्रत्येक मजल्यावर ४४ जणी, म्हणजे एकूण १३२. बाहेरून आलेली फायबरची जोडणी २०० एमबीपीएसची, व्यावसायिक, वापराची मर्यादा नसलेली. रस्त्यावरच्या खांबावरून आलेली तार कार्यालयातल्या एका डब्यात शिरते, तिथून राउटरमध्ये, आणि राउटरपासून केबलने प्रत्येक मजल्यावर जाते. मजल्यावर पॅसेजच्या मधोमध, छताजवळ, हिरवा दिवा लागलेला एक पांढरा डबा असतो. तो अ‍ॅक्सेस पॉइंट. तिथपर्यंत सगळं तारेतून आलेलं असतं, तिथून पुढे हवेतून. ३१४ नंबरची खोली या डब्यापासून सगळ्यांत लांब, मधे चार विटांच्या भिंती आणि प्रत्येक खोलीत दोन-दोन लोखंडी कपाटं.

आता मोजणं. पहिली गफलत एककात होते. जोडणी २०० एमबीपीएसची असते तेव्हा तो आकडा सेकंदाला किती मेगाबिट येतात ते सांगतो. फाइल उतरवताना संगणक दाखवतो ते मेगाबाइट. एका बाइटात आठ बिट. त्यामुळे २०० ची जोडणी पूर्ण क्षमतेने चालली तरी फाइल सेकंदाला २५ मेगाबाइटनेच उतरणार. ‘दोनशेचे पैसे घेतात आणि पंचवीसच देतात’ असं वाक्य ईमेलमध्ये एकदा गेलं, की इंटरनेटवाल्याला बाकीचं ईमेल वाचायची गरजच उरत नाही.

दुसरी गफलत म्हणजे सगळ्यांत वाईट आकडा तेवढा उचलून लिहिणं. एखाद्या रात्री ०.६ आला म्हणून तो रोजचा होत नाही. रोज ठरावीक वेळी, त्याच जागी, त्याच लॅपटॉपवर मोजावं. आठवडाभराचे सात आकडे चढत्या क्रमाने मांडावेत आणि त्यातला मधला, म्हणजे चौथा, लिहावा. सोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किती, तेही द्यावं. मोजताना लॅपटॉपवर दुसरं काही उतरत नाही ना, एवढं बघावं. विंडोजचं अपडेट नेमकं अशाच वेळी सुरू असतं. आणि मोजणारी एकच मुलगी असावी. स्पीड टेस्ट म्हणजे जोडणीतून जेवढं खेचता येईल तेवढं दहा-पंधरा सेकंद खेचून बघणं. मजल्यावरच्या दहाजणींनी एकदम ती लावली, तर त्या जो आकडा मोजतील तो त्यांनीच पाडलेला असेल.

पण नुसता वेग मोजून काम भागत नाही. १.८ हा आकडा दुखणं आहे एवढं सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी वाटेचे दोन तुकडे वेगळे मोजावे लागतात: खोलीपासून राउटरपर्यंतचा आणि राउटरपासून बाहेरचा. याला कुठलंही विकतचं साधन लागत नाही. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` लिहिलं की `Default Gateway` या नावापुढे राउटरचा पत्ता दिसतो, बहुधा `192.168.1.1` असा. मग एकापाठोपाठ एक दोन आज्ञा:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली आज्ञा वसतिगृहातल्याच राउटरला शंभर वेळा हाक मारते आणि प्रत्येक वेळी उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते लिहिते. दुसरी तीच हाक बाहेर, गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला मारते. त्या वाटेत पहिली वाट आलीच, शिवाय बाहेरचं इंटरनेट आलं. दोन्हींमधला फरक तेवढा बाहेरच्या जोडणीचा.

३१४ मध्ये दुपारी तीनला राउटरचं उत्तर ४ मिलिसेकंदांत येतं, शंभरातली एकही हाक वाया जात नाही. रात्री दहाला तेच उत्तर सरासरी १६० मिलिसेकंदांनी येतं आणि शंभरातल्या १४ हाकांना उत्तरच येत नाही. बाहेरच्या सर्व्हरला लागतात १७०. म्हणजे वसतिगृहाच्या दारापासून पुढचं सगळं जग गाठायला दहा मिलिसेकंद, आणि पॅसेजमधून खाली कार्यालयापर्यंत जायला एकशे साठ! दुखणं खांबावर नाही, इमारतीत आहे. पडताळायला आणखी एक मोजमाप उपयोगी पडतं. मॅडमच्या परवानगीने त्याच वेळी कार्यालयातल्या, केबल लावलेल्या संगणकावर टेस्ट घ्यायची. तिथे रात्री दहालाही १४२ आले, तर शंका उरत नाही.

हे इतकं घोळून सांगायचं कारण असं की नेट अडकतं म्हटल्यावर व्यवस्थापनाच्या मनात पहिला उपाय येतो तो मोठा प्लॅन घेण्याचा. दोनशेचा पाचशे करू. मुलीही टाळ्या वाजवतील. पण इथे दोनशेतलेच एकशेचाळीसेक शिल्लक पडून आहेत आणि खोलीपर्यंत पोहोचत नाहीत. पाचशे घेतले तर कार्यालयातला आकडा वाढेल, ३१४ मधला १.८ तसाच राहील, आणि दर महिन्याचं बिल तेवढं वाढेल.

मग रात्री पॅसेजमध्ये होतं काय? वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. डबा बोलत असेल तर बाकी सगळे गप्प, एखादा फोन बोलत असेल तर डबाही गप्प. ४४ मुली, प्रत्येकीचा एक फोन आणि एक लॅपटॉप धरला तर एका डब्याच्या गळ्यात ८८ उपकरणं. रात्री त्यातली निम्मी जागी असली तरी रांग लागते.

रांगेपेक्षाही वाईट गोष्ट वेगळी आहे. सिग्नल कमजोर झाला की उपकरण आणि डबा दोघंही हळू बोलू लागतात, म्हणजे चुका कमी होतात. डब्याच्या खाली उभं राहिलं तर लॅपटॉप १४४ एमबीपीएसच्या दराने जोडलेला दिसतो, ३१४ मध्ये चांगल्या वेळी २६ आणि दाराआडच्या कोपऱ्यात साडेसहा. (विंडोजवर `netsh wlan show interfaces` लिहिलं की `Receive rate` पुढे हा दर दिसतो.) दहा मेगाबाइटचा व्हिडिओचा तुकडा, म्हणजे ८० मेगाबिट, १४४ च्या दराने कागदोपत्री अर्ध्या सेकंदात जातो. तोच साडेसहाच्या दराने जायला बारा सेकंदांहून अधिक लागतात, आणि तेवढा काळ त्या चॅनेलवर बाकी कोणाचंच काही जात नाही. सकाळच्या अंघोळीच्या रांगेसारखं आहे हे: नंबर सगळ्यांना सारखाच मिळतो, पण आत गेल्यावर कोण किती वेळ लावणार यावर बंधन नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या संशोधकांनी २००३ मध्येच हे गणिताने आणि प्रयोगाने दाखवलं होतं. एकच दूरचं, मंद उपकरण जोडलं गेलं तरी त्या डब्यावरच्या जवळच्या, वेगवान उपकरणांचाही वेग त्याच्या पातळीला उतरतो. नवे डबे प्रत्येकाला सारख्या खेपांऐवजी सारखा वेळ देऊ शकतात, पण ती सोय डब्यात असावी लागते आणि चालू केलेली असावी लागते.

याचा एक गमतीदार अर्थ निघतो. तक्रार करणारी ३१४ ची मुलगीच, स्वतःचा काहीही दोष नसताना, मजल्यावरच्या बाकीच्यांचा वेळ खाते आहे. तिच्याजवळ एक डबा बसवला तर तिचं भलं होईलच, पण डब्याच्या अगदी खाली राहणाऱ्या ३०७ लाही फरक पडेल. ईमेलमध्ये ही बाजू आली तर मागणी एका खोलीची न राहता मजल्याची होते.

आणखी एक दोष बसवणाऱ्याच्या घाईचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलचे नंबर १ पासून १३ पर्यंत असले, तरी शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांच्या वाटेत न येणारे नेहमीचे तीन म्हणजे १, ६ आणि ११. फोनवर वाय-फायचे सिग्नल दाखवणारं कुठलंही मोफत ॲप उघडून पाहिलं, तर या वसतिगृहाचे तिन्ही मजल्यांचे डबे ६ वरच बसवलेले दिसतात. स्लॅबमधून सिग्नल आरपार जातो, त्यामुळे वरचा डबा बोलत असताना खालचा थांबतो. तीन मजल्यांच्या तीन रांगा असायला हव्यात, तिथे १३२ जणींची एकच झाली आहे. हे बदलायला पैसे लागत नाहीत. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन आकडे बदलायचे.

ॲपवर सिग्नलचा जोरही दिसतो, डीबीएममध्ये, उणे चिन्हासह. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. डब्याखाली उणे ४८, ३१४ मध्ये उणे ७८. दर तीन अंकांना जोर निम्मा होतो, त्यामुळे तीस अंकांचा फरक म्हणजे हजारपट. व्हिडिओ कॉल अडखळू नये म्हणून उणे ६७ च्या खाली जाऊ देऊ नये, असा नेटवर्क बसवणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे.

वेगाशी काहीही संबंध नसलेलं एक दुखणंही मुली ‘नेट स्लो आहे’ याच नावाने सांगतात. लायब्ररीतून उशिरा परतलेल्या मुलीचा फोन वाय-फायला जोडला जातो, पण ‘पत्ता मिळवत आहे’ यावरच फिरत राहतो. राउटर प्रत्येक उपकरणाला एक पत्ता भाड्याने देतो. नेहमीच्या मांडणीत `192.168.1.2` ते `192.168.1.254` असे २५३ पत्ते त्याच्याकडे असतात, आणि भाड्याची मुदत बऱ्याचदा पूर्ण दिवसाची. १३२ मुलींचे दोन-दोन धरले तर २६४ उपकरणं झाली. शिवाय सीसीटीव्ही, कार्यालयाचा प्रिंटर. सकाळी कॉलेजला गेलेल्या, शनिवारी गावी गेलेल्या मुलीच्या लॅपटॉपचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो, आणि शेवटी येणारीला मिळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. त्या वेळी `ipconfig` मध्ये लॅपटॉपचा पत्ता `169.254` ने सुरू होताना दिसतो. राउटरने काहीच न दिल्यामुळे विंडोजने स्वतःच लावून घेतलेला तो पत्ता असतो. पत्त्यांचा साठा वाढवला किंवा भाड्याची मुदत दोन तासांवर आणली, की हे दुखणं जातं. इथे स्पीड टेस्टचे कितीही आकडे जोडले तरी उपयोग नाही, कारण वेगाचा प्रश्नच नाही.

आता तासांकडे. वापराचे तास ईमेलमध्ये का लिहायचे, असं मुली विचारतात. त्यांना ती उलटतपासणी वाटते. खरं तर मॅडमच्या मनातला न विचारलेला प्रश्न असतो, ‘रात्री दहाला तुम्ही नेटवर करता काय?’ त्याला रागाने उत्तर देण्यापेक्षा तास मांडलेले बरे. कॉलेज पाचपर्यंत, मग लायब्ररी किंवा क्लास, आठ ते नऊ मेस. उरतात नऊ ते बारा. सगळ्यांचा वापर त्याच तीन तासांत येतो तो वेळापत्रकामुळे, शौकामुळे नाही. शिवाय तास लिहिले की गरज किती ते कळतं. साध्या ऑनलाइन वर्गाला एक-दोन एमबीपीएस पुरतात. एका वेळी पन्नासजणींनी तीन-तीन एमबीपीएसचा व्हिडिओ लावला, तरी होतात दीडशे. दोनशेची जोडणी कमी नाही, हे इथेही दिसतं.

तासांचा आणखी एक उपयोग, पण तो ज्या वसतिगृहांनी घरगुती योजना घेतली आहे त्यांच्यासाठी. तिथे ‘अमर्याद’ या शब्दाच्या खाली बारीक अक्षरांत बऱ्याचदा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. तीन एमबीपीएसचा व्हिडिओ तासभर पाहिला की साधारण १.३५ जीबी खर्च होतात. १३२ जणींनी रोज एकेक तास पाहिला तर दिवसाला १७८ जीबी, आणि मर्यादा एकोणिसाव्या दिवशी संपते. मग वेग एकदम खाली येतो, तो पुढच्या बिलापर्यंत. अशा ठिकाणी तक्रार घड्याळाशी न जुळता तारखेशी जुळते: दिवसभर मंद, पण महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांतच. आपल्या उदाहरणात तसं नाही, ते रोज रात्री नऊला सुरू होतं.

हे सगळं कळल्यावर ईमेल लांबवायचा मोह होतो. लांबवू नये. रेक्टर मॅडमना मिलिसेकंद शिकवायचे नाहीत, त्यांना हे ईमेल जसंच्या तसं इंटरनेटवाल्याला पुढे पाठवता यावं एवढंच हवं. साधारण असं:

‘प्रति, मा. रेक्टर मॅडम.

विषय: तिसऱ्या मजल्यावर रात्री ९ ते १२ या वेळेत वाय-फाय खंडित होण्याबाबत.

महोदया,

मी खोली क्र. ३१४ मध्ये राहते. मागील सोमवार ते रविवार रोज चार वेळा मी खोलीतून वाय-फायचा वेग मोजला. सात दिवसांतील मधले आकडे असे: सकाळी ७ वाजता १३ एमबीपीएस, दुपारी ३ वाजता १२, रात्री १० वाजता १.८ (सर्वांत कमी ०.६, सर्वांत जास्त ३.१) आणि रात्री १२.३० वाजता ९. रोजच्या नोंदींचा तक्ता जोडला आहे.

रात्री १० वाजता पॅसेजमधील डब्याखाली ११ एमबीपीएस मिळाले. रविवारी त्याच वेळी, आपल्या परवानगीने, कार्यालयातील केबल जोडलेल्या संगणकावर १४२ मिळाले. यावरून बाहेरून येणारी जोडणी रात्रीही चालू असून अडचण मजल्यावरील वाय-फायमध्ये असावी असे वाटते. तिन्ही मजल्यांचे डबे एकाच चॅनेलवर (६) दिसतात.

याशिवाय मंगळवारी व शुक्रवारी रात्री साडेनऊनंतर सुमारे ४० मिनिटे लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळाला नाही. स्क्रीनचे फोटो जोडले आहेत.

मी दिवसाला साधारण अडीच तास वाय-फाय वापरते. त्यातील पावणेदोन तास रात्री ९ ते ११ मध्ये, ऑनलाइन वर्ग व प्रकल्पाच्या फाइली पाठवण्यासाठी. मजल्यावरील ४४ पैकी ३१ जणींनी आपले तास लिहून दिले आहेत. त्यांपैकी २६ जणींचा मुख्य वापर याच वेळेत आहे.

विनंती अशी की तिन्ही डब्यांचे चॅनेल वेगळे करावेत आणि राउटरवरील पत्त्यांची मुदत कमी करावी. या दोन्हींना खर्च नाही. त्यानंतर मी पुन्हा आठवडाभर मोजून आकडे कळवीन. तरीही फरक न पडल्यास मजल्याच्या पूर्व टोकाला केबलने जोडलेला आणखी एक डबा बसवावा. तंत्रज्ञांनी तपासणी रात्री साडेनऊ ते साडेदहा या वेळेत करावी, व त्यासाठी आपण प्रवेशाची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू…’

शेवटची ओळ विनोदी वाटेल, पण सगळ्यांत मोठी अडचण तीच आहे. मुलींच्या वसतिगृहात रात्री पुरुष तंत्रज्ञाला वर सोडायचं नाही हा नियम, आणि बिघाड रात्रीच दिसतो. म्हणून तर वर्षानुवर्षं तपासणी सकाळी अकराला होते. परवानगी, रजिस्टरमध्ये नोंद, सोबत एक कर्मचारी, एवढं ठरवणं मॅडमच्याच हातात असतं. ते जमत नसेल तर तंत्रज्ञ आपल्या ऑफिसातून रात्री डब्यांच्या सेटिंगमध्ये शिरून कोणत्या डब्यावर किती उपकरणं आहेत ते पाहू शकतो; डबे तशी सोय असलेले हवेत.

ईमेलमध्ये ‘केबलने जोडलेला’ हे शब्द मुद्दाम आहेत. इंटरनेटवाला स्वस्तात रिपीटर सुचवेल. तो भिंतीवरच्या प्लगात खोचला की सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसतात. पण साधा रिपीटर प्रत्येक गोष्ट त्याच चॅनेलवर एकदा ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळे आधीच भरलेल्या हवेत दुप्पट गर्दी करतो. दुसरा डबा बसवायचा तर तार ओढूनच, आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असलेला. त्या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ असतात, फक्त तो भिंती कमी ओलांडतो. टोकाच्या खोल्यांजवळ डबा असेल तर त्याला ओलांडायच्या भिंतीही कमीच उरतात.

काही गोष्टी या ईमेलमध्ये घालाव्याशा वाटतील, त्या टाळलेल्या बऱ्या. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. १.८ त्याच्या खाली येतो, म्हणून ते वाक्य घालायला हात शिवशिवतो. पण ती व्याख्या सेवा देणाऱ्याच्या जोडणीची आहे, आणि इथे जोडणी १४२ ची आहे. राउटरच्या मागच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड वाचून सेटिंगमध्ये स्वतःच शिरणं आणि ‘अमुक खोलीतली मुलगी सिनेमे उतरवते’ असं लिहिणं, हेही नको. पहिल्यात आपणच अडकतो. दुसऱ्यात चर्चा वाय-फायवरून त्या मुलीवर जाते आणि परत येत नाही.

चॅनेल बदलून झाल्यावरचं दुसरं ईमेल पहिल्याइतकंच महत्त्वाचं, आणि ते बहुतेक जणी पाठवतच नाहीत. त्यात चार ओळी पुरतात. तीच खोली, तोच लॅपटॉप, त्याच वेळा. पत्त्याची अडचण आठवडाभरात एकदाही आली नाही. रात्री दहाला डब्याखाली ११ चे ३० झाले. ३१४ मध्ये १.८ चे ४ झाले, ऑनलाइन वर्ग आता तुटत नाही. मात्र सिग्नल उणे ७८ च आहे, कारण भिंती आणि कपाटं जागच्या जागीच आहेत. पूर्व टोकाच्या डब्यासाठी काही हजार रुपये आणि साधारण तीस मीटर केबल लागेल. वसतिगृहाचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत तयार होत असेल, तर हे ईमेल जानेवारीतच गेलेलं बरं.